तासांची बेरीज चोवीसच्या पुढे गेली की एक्सेल कमी का दाखवतं, आणि ते कसं सुधारायचं

एका छोट्या पॅकिंग युनिटमध्ये मी हजेरी आणि पगाराचा हिशोब बघायचे, तेव्हाची गोष्ट. तिथल्या एका मावशी रोजचे तास छोट्या डायरीत पेन्सिलने लिहून ठेवत. महिनाअखेरीला मी त्यांना शीटची प्रिंट दिली. त्यांनी चष्मा लावला, खालची ओळ वाचली आणि शांतपणे म्हणाल्या, "अगं, एका आठवड्याचे साडेतेवीस तास आणि अख्ख्या महिन्याचे बावीस? बाकीचे तीन आठवडे मी काय घरी होते?"

सूत्र बरोबर होतं. मी ते तीनदा तपासलं, शेवटी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. मावशींच्या डायरीत 190 तास होते आणि शीटमध्ये 22:00. खरी गंमत अशी की एक्सेललाही 190 तासच माहीत होते, ते फक्त दाखवत नव्हतं. बेरीज बरोबर होती आणि चूक तिच्या दिसण्यात होती, हे मला कळायला अर्धी दुपार गेली. तुमची जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आधी चूक डोळ्यांनी बघू

एक कोरी शीट उघडा. A रकान्यात वार, B मध्ये येण्याची वेळ, C मध्ये जाण्याची वेळ आणि D मध्ये कामाचे तास. पहिल्या ओळीत शीर्षकं लिहा आणि दुसरीपासून वेळा भरा. सोमवारी 9:00 ते 17:15, मंगळवारी 9:10 ते 17:40, बुधवारी 8:55 ते 16:40, गुरुवारी 9:00 ते 18:20, शुक्रवारी 9:05 ते 17:15 आणि शनिवारी 9:00 ते 14:30. वेळ लिहिताना मध्ये अपूर्णविरामासारखी दोन टिंबंच हवीत, एक टिंब नको. त्या एका टिंबाने काय घोळ होतो ते पुढे येईलच.

D2 मध्ये हे लिहा आणि D7 पर्यंत खाली ओढा:

```
=C2-B2
```

D रकान्यात 8:15, 8:30, 7:45, 9:20, 8:10 आणि 5:30 असं येईल. आता D8 मध्ये बेरीज:

```
=SUM(D2:D7)
```

हाताने केली तर ही बेरीज 47 तास 30 मिनिटं येते. शीट म्हणते 23:30.

आकडा नेमका कुठे घसरतो ते बघायचं असेल तर एकेक दिवस मिळवत जा. सोमवार-मंगळवार मिळून 16:45 दिसतात, ते ठीक आहे. त्यात बुधवारचे 7:45 मिळवले की 24:30 व्हायला हवेत, पण दिसतात 0:30. रिक्षाचं मीटर परत शून्यावर यावं तसं चोवीसचा काटा ओलांडला की पुन्हा पहिल्यापासून सुरू. असेच चार आठवडे झाले की 190 तास होतात. त्यातून चोवीस-चोवीसचे सात गठ्ठे म्हणजे 168 तास गायब होतात आणि उरतात 22. मावशींच्या प्रिंटवर हेच बावीस होते.

एक्सेलच्या पोटात काय असतं

एक्सेलकडे 'तास' नावाची वेगळी वस्तूच नाही. त्याच्याकडे फक्त संख्या आहेत, आणि वेळेसाठी त्याने एकच हिशोब ठरवला आहे: पूर्ण दिवस म्हणजे 1. मग दुपारचे बारा म्हणजे 0.5, सकाळचे सहा म्हणजे 0.25 आणि एक तास म्हणजे दिवसाचा चोविसावा भाग. तुम्ही 8:15 लिहिता तेव्हा आत 0.34375 साठवलं जातं. बाहेर दिसणारं 8:15 हा त्या संख्येला चढवलेला कपडा आहे.

D8 वर उभं राहून त्या घराचा फॉरमॅट `General` करून बघा. 1.979166667 असं काहीतरी दिसेल. याचा अर्थ एक पूर्ण दिवस आणि दुसऱ्या दिवसाचा जवळजवळ सगळा भाग. 24 ने गुणलं की बरोबर 47.5 तास येतात. म्हणजे बेरीज हरवलेली नाही. आता `Ctrl+Z` करून फॉरमॅट मागे घ्या.

मग 23:30 कुठून आलं? D2 ते D7 या घरांना `h:mm` फॉरमॅट आहे. बेरजेचं सूत्र लिहिल्यावर एक्सेलने तोच फॉरमॅट D8 ला आपणहून लावला. आणि `h:mm` चा अर्थ 'किती तास झाले' असा नाही, 'घड्याळात किती वाजले' असा आहे. घड्याळ दिवस मोजत नाही. संख्येतला पूर्णांक म्हणजे दिवस, तो बाजूला ठेवून एक्सेल फक्त उरलेला अपूर्णांक घड्याळावर दाखवतं.

हे आणखी जवळून बघायचं तर एका रिकाम्या घरात 47:30 टाइप करा आणि एंटर दाबून पुन्हा त्याच घरावर या. घरात 47:30:00 दिसेल. वर फॉर्म्युला बारमध्ये मात्र 1 जानेवारी 1900 ही तारीख आणि रात्री साडेअकराची वेळ दिसेल. तारीख कशी लिहिली जाईल ते तुमच्या विंडोजच्या सेटिंगवर अवलंबून आहे. एक्सेलची दिनदर्शिका तिथून सुरू होते, संख्या 1 म्हणजे 1 जानेवारी 1900. तुमचा आठवड्याचा घाम म्हणजे त्याच्या लेखी 1900 सालातली एक रात्र, साडेअकरा वाजलेली. आणि मावशींचा महिना? 7 जानेवारी 1900, रात्रीचे दहा.

या प्रयोगातली एक बाब लक्षात घ्या, कारण नवशिके इथेच गोंधळतात. हाताने टाइप केलेलं 47:30 नीट दिसलं आणि बेरजेतून आलेलं 47:30 चुकीचं. चोवीसपेक्षा मोठा आकडा तुम्ही स्वतः लिहिला की एक्सेल ओळखतं की हा कालावधी आहे आणि योग्य फॉरमॅट लावतं. सूत्रात मात्र ते तेवढा विचार करत नाही, ज्या घरांची बेरीज आहे त्यांचा फॉरमॅट उचलतं. म्हणून 'माझ्याकडे तर नीट दिसतं' असं कोणी म्हणालं तर आधी विचारा, लिहिलंस की बेरीज केलीस?

दुरुस्ती: दोन चौकोनी कंस

D8 वर क्लिक करा आणि `Ctrl+1` दाबा. मॅकवर असाल तर `Cmd+1`. `Format Cells` नावाची खिडकी उघडेल. तिच्या `Number` टॅबमध्ये डावीकडे यादी असते, त्यातलं सगळ्यात खालचं `Custom` निवडा. उजवीकडे `Type` लिहिलेल्या पट्टीत `h:mm` दिसेल. ते पुसून हे लिहा:

```
[h]:mm
```

वर `Sample` च्या चौकटीत लगेच 47:30 दिसायला लागेल. दिसलं की `OK`. दिसलं नाही तर `OK` दाबू नका. बहुतेक वेळा कंस गोल टाकलेले असतात, चौकोनीच हवेत. सेकंदही हवे असतील तर खालच्या यादीत `[h]:mm:ss` तयार मिळतं, तेच निवडा.

कंसाचा अर्थ साधा आहे: तासांचा काटा चोवीसवर परत फिरवू नकोस, पुढे मोजत राहा. हीच युक्ती मिनिटांनाही चालते. `[mm]` लिहिलंत तर 47:30 ऐवजी 2850 दिसेल, म्हणजे एकूण मिनिटं. कंस फक्त सगळ्यात मोठ्या एककाला लावायचा असतो, मागच्यांना नाही.

गुगल शीट्समध्ये हेच काम `Format`, मग `Number`, मग `Duration` असं होतं. तिथे सेकंदही दिसतात. ते नको असतील तर त्याच मेनूत `Custom number format` मध्ये जाऊन `[h]:mm` लिहा. लिब्रेऑफिसमध्ये `Ctrl+1` ने खिडकी उघडते आणि फॉरमॅट `[HH]:MM` असा लिहितात.

मी एक सवय लावून घेतली आहे. फक्त बेरजेच्या घराला नाही, D हा पूर्ण रकानाच निवडून `[h]:mm` लावते. रोजचे तास चोवीसच्या आतच असतात, त्यामुळे ते पूर्वीसारखेच दिसतात. पण पुढे त्या रकान्यावर कोणीही नवीन बेरीज केली की तिला कंसवाला फॉरमॅट आपोआप मिळतो. शिवाय घरं निवडल्यावर खालच्या पट्टीत जी झटपट `Sum` दिसते तीही बरोबर येते, नाहीतर तीही घड्याळासारखीच फिरते. B आणि C ला मात्र हा फॉरमॅट लावू नका. तिथे 'किती वाजता' हेच हवं आहे.

कोणीतरी तुम्हाला `d:hh:mm` सुचवेल, म्हणजे दिवस वेगळे दाखवा. 47:30 साठी ते 1:23:30 दाखवेल आणि छान वाटेल. पण तो `d` म्हणजे दिवसांची मोजणी नव्हे, महिन्यातली तारीख आहे. बेरीज 31 दिवसांपुढे गेली की एक्सेलच्या हिशोबात फेब्रुवारी लागतो आणि `d` पुन्हा 1 वर येतो. 800 तास तिथे 2:08:00 दिसतील. आजार तोच, फक्त उशिरा दिसणारा.

पगार काढताना

आता ताशी 80 रुपये धरू. 47.5 तासांचे 3800 रुपये व्हायला हवेत. D8 ला थेट 80 ने गुणलंत तर 158.33 येतील, कारण आत 1.979 दिवस आहेत आणि तुम्ही रोज 80 रुपये दिलेत. दिवसांचे तास करायला आधी 24 ने गुणावं लागतं:

```
=D8*24*80
```

कधीकधी या घरालाही एक्सेल वेळेचाच फॉरमॅट लावतं आणि 3800 च्या जागी 0:00 किंवा 91200:00 असं काहीतरी भलतंच दिसतं. घाबरू नका. `Ctrl+1`, `Number`, दशांश दोन, एवढंच करा.

गंमत बघा, कंस लावायला विसरलात तरी हे सूत्र 3800 च देतं, कारण फॉरमॅटने आतली संख्या बदलत नाही. मग नुकसान होतं कुठे? माणूस 23:30 डोळ्यांनी वाचतो आणि दुसऱ्या शीटमध्ये हाताने लिहितो तिथे. साडेतेवीस तासांचे 1880 रुपये होतात, म्हणजे जवळजवळ निम्मा पगार कापला. `HOUR` वापरणाऱ्यांचंही तेच होतं. `HOUR(D8)` हे 47 देत नाही, 23 देतं, कारण ते फंक्शनही घड्याळच वाचतं. त्याला कंसाचा फॉरमॅटही वाचवू शकत नाही. एकूण तास हवे असतील तर `D8*24` हाच रस्ता.

दुसरी जागा म्हणजे सीएसव्ही फाइल. एक्सेल सीएसव्हीमध्ये घरात जे दिसतं तेच लिहितं. कंस न लावता सेव्ह केलंत तर फाइलमध्ये खरोखरच 23:30 जातं आणि मागचा दिवस कायमचा गेला. ती फाइल अकाउंटंटकडे पोचल्यावर तिथे कितीही फॉरमॅट बदलला तरी 47:30 परत येणार नाही. तेव्हा बाहेर पाठवायच्या आधी कंस.

बेरीज एखाद्या वाक्यात घालायची असेल, उदाहरणार्थ पगारपत्रकाच्या तळाला, तर तिथेही फॉरमॅट सांगावा लागतो. नाहीतर 'एकूण 1.97916666666667 तास' असं छापून येतं. मी हे एकदा खरंच छापलं आहे.

```
="एकूण "&TEXT(D8,"[h]:mm")&" तास"
```

पिव्होट टेबल केलंत तर त्याचा फॉरमॅट स्वतंत्र असतो, मूळ रकान्याचा तिकडे जाईलच असं नाही. बेरजेच्या रकान्यावर उजवं क्लिक करून `Value Field Settings` मधल्या `Number Format` मध्ये तोच `[h]:mm` पुन्हा द्या.

कंस लावूनही आकडा चुकतोय

मग दोष फॉरमॅटचा नाही, भरलेल्या वेळांचा आहे. माझ्या अनुभवात तीनच प्रकार पुन्हा पुन्हा समोर येतात. पहिले दोन D मध्ये सूत्राऐवजी तास थेट भरलेले असतात तेव्हाचे.

बेरीज 0:00 आली, किंवा काही दिवस वगळल्यासारखी कमी आली, तर वेळा मजकूर म्हणून बसल्या आहेत. हजेरीच्या मशीनमधून काढलेल्या फाइलमध्ये हे फार होतं. खूण अशी की अशा वेळा घरात डावीकडे चिकटतात, खऱ्या वेळा उजवीकडे. कोणी अलाइनमेंट बदलली असेल तर बाजूच्या घरात `=ISNUMBER(D2)` लिहून बघा. `FALSE` आलं तर तो मजकूर आहे आणि `SUM` त्याला मुकाट्याने सोडून देतं, चूक दाखवतही नाही. उपाय: तो एक रकाना निवडा, `Data` मधलं `Text to Columns` उघडा आणि काही न बदलता `Finish` दाबा. आकडे टुणकन उजवीकडे सरकतात.

बेरीज भलतीच मोठी आली, शेकडो तासांची, तर कोणीतरी 8:30 ऐवजी 8.30 लिहिलं आहे. आपण बोलतानाही 'आठ तीस' म्हणतो, हात टिंबावरच जातो. एक्सेलसाठी ती संख्या 8.3 आहे, म्हणजे आठ दिवस आणि वर थोडं, एकूण 199:12. नुसत्या `h:mm` मध्ये ते 7:12 असं अगदी सभ्य दिसतं आणि कोणाच्या नजरेत येत नाही. कंस लावल्यावरच ते उघडं पडतं, आणि लोक कंसालाच दोष देतात! एखाददुसरं असेल तर हाताने सुधारा. पूर्ण रकानाच टिंबाने भरला असेल तर शेजारच्या रकान्यात हे लिहा, आणि त्याला `[h]:mm` द्या:

```
=TIME(INT(D2),ROUND(MOD(D2,1)*100,0),0)
```

हे एकेका दिवसाच्या तासांसाठीच वापरा. `TIME` सुद्धा चोवीसनंतर पहिल्यापासून सुरू होतं, त्यामुळे 47.30 अशी तयार बेरीज त्यात घातली तर पुन्हा 23:30 हाती येईल.

तिसरा प्रकार रात्रपाळीचा. 22:00 ला आला, 6:00 ला गेला, वजाबाकी उणे सोळा तास. एक्सेलला उणे वेळ दाखवता येत नाही, म्हणून घरात `#####` दिसतात. रकाना कितीही रुंद करा, ते जात नाहीत. बेरजेतून मात्र ते सोळा तास खरोखर वजा होतात. D2 मधलं सूत्र असं बदला:

```
=MOD(C2-B2,1)
```

उणे आलं तर हे त्यात एक दिवस मिळवतं आणि 8:00 मिळतात. दिवसपाळीच्या ओळींवर त्याचा काही परिणाम नाही, म्हणून सगळ्या रकान्याला हेच सूत्र ठेवलं तरी चालतं. एकच अट, पाळी चोवीस तासांपेक्षा लहान असावी. सलग तीस तासांची ड्यूटी असेल तर B आणि C मध्ये तारखेसकट वेळ लिहा आणि साधी वजाबाकी करा.

सगळं झाल्यावर मी D8 च्या शेजारी `=D8*24` लिहून ठेवते, साध्या संख्येच्या फॉरमॅटमध्ये. तिथे 47.5 आणि D8 मध्ये 47:30 असेल तर शीट छापायला हरकत नाही. मावशींना नवीन प्रिंट दिली तेव्हा त्यांनी आधी डायरी काढली, 190:00 वर बोट ठेवलं, डायरीतल्या आकड्याशी ताडून पाहिलं आणि मगच सही केली.